फ्यूज गेला, रिलेला वाटलं लाइनच पडली

१३२ केव्हीच्या एका लाइनवर काहीही बिघडलेलं नाही असं समजू. तारा जागेवर आहेत, झाडाची फांदी टेकलेली नाही, पाऊस-वारा नाही. ३०० अँपिअर भार सुरळीत वाहतो आहे. तरीही ब्रेकर खाडकन उघडतो आणि रिलेच्या पडद्यावर येतं : आर फेज, झोन वन, अंतर शून्य किलोमीटर. लाइनची माणसं टॉवर टॉवर पालथे घालून येतात आणि काहीच सापडलं नाही म्हणून सांगतात. सापडणार कुठून? दोष लाइनवर नसतोच. उपकेंद्राच्या यार्डात पीटीच्या खांबाला एक मार्शलिंग बॉक्स असतो. त्यातला बोटभर लांबीचा फ्यूज गेलेला असतो.

पीटी म्हणजे व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर. १३२ केव्हीच्या लाइनची एक तार जमिनीच्या तुलनेत सुमारे ७६ हजार व्होल्टवर असते. ते रिलेला किंवा मीटरला थेट देता येत नाही, म्हणून पीटी त्याचे ६३.५ व्होल्ट करतो. तिन्ही फेजच्या बारीक तारा मार्शलिंग बॉक्समधल्या फ्यूजमधून किंवा छोट्या एमसीबीमधून केबलने कंट्रोल रूममध्ये येतात. फ्यूज अतिभारानेच जातो असं नाही. बॉक्सच्या दारातून पावसाचं पाणी शिरतं, पाल दोन टर्मिनलांवर आडवी पडते, चाचणी करताना कुणाचा स्क्रूड्रायव्हर घसरतो. कधी फ्यूज धडधाकट असतो, पण त्याची क्लिप गंजून ढिली झालेली असते. परिणाम तोच.

डिस्टन्स रिलेचं सगळं शहाणपण एका भागाकारात आहे : व्होल्टेज भागिले करंट. उत्तर ओहममध्ये येतं, आणि लाइनचे दर किलोमीटरला किती ओहम हे आधीच माहीत असतं. आपली लाइन ६० किलोमीटरची आणि दर किलोमीटरला ०.४ ओहम धरली, तर पूर्ण लाइनचे झाले २४ ओहम. त्यातला ८० टक्के भाग, म्हणजे सुमारे १९ ओहम, हा पहिला झोन. उत्तर त्याच्या आत आलं की रिले क्षणभरही न थांबता ट्रिप देतो. एरवी ७६ हजार व्होल्टला ३०० अँपिअरने भागलं की उत्तर २५० ओहमच्या वर येतं, म्हणजे धोका कोसो दूर. आता आर फेजचा फ्यूज गेला. करंट आहे तसाच आहे, व्होल्टेज मात्र शून्य. भागाकाराचं उत्तरही शून्य. रिलेच्या हिशेबाने फॉल्ट अगदी उपकेंद्राच्या दाराशी झाला.

रिलेला फॉल्ट दिसत नाही, फक्त भागाकाराचं उत्तर दिसतं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बीना-ग्वाल्हेर लाइन अशीच एका भागाकारावर सुटली होती. तिथे फ्यूज गेला नव्हता. भार अतोनात चढला होता, व्होल्टेज खरोखरच खाली आलं होतं आणि उत्तर तिसऱ्या झोनमध्ये घसरलं होतं. त्यानंतर उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. फ्यूज जातो तेव्हा गणित हेच असतं, फक्त त्यातलं व्होल्टेज खोटं असतं.

पण मग प्रत्येक गेलेल्या फ्यूजगणिक लाइन सुटत का नाही? याची कारणं बघण्यासारखी आहेत. एक तर गेलेल्या फेजचं व्होल्टेज नेहमी शून्यावर येत नाही. पीटीवर दोन-दोन फेजच्या मध्ये जोडलेली उपकरणं असली, तर शाबूत फेज त्यांच्यातून गेलेल्या फेजला मागच्या दाराने व्होल्टेज पुरवतात. असा सगळा भार फेजांच्या मध्येच आणि सारखा जोडलेला असेल, तर आर फेजवर शून्याऐवजी जवळपास ३२ व्होल्ट दिसतात, तेही उलट दिशेचे. म्हणून व्होल्टमीटरवर वीस-पंचवीस व्होल्ट दिसले की 'फ्यूज ठीक असेल, थोडं कमी आहे एवढंच' असं म्हणू नये. दुसरं कारण भाराच्या दिशेचं. फॉल्ट पुढे आहे की मागे हे ठरवायला बहुतेक रिले शाबूत फेजच्या व्होल्टेजचा आधार घेतात. भार उपकेंद्रातून बाहेर जात असेल तर तो खोटा फॉल्ट 'पुढे' दिसतो आणि लाइन सुटते. भार आत येत असेल तर बहुधा सुटत नाही. तिसरं, रिले चालायला किमान काही करंट लागतो. मध्यरात्री भार हलका असताना फ्यूज गेला तर काहीच घडत नाही. सकाळी भार चढला, किंवा शेजारच्या लाइनवर फॉल्ट होऊन करंट उसळला, की त्या क्षणी ही निरोगी लाइन सुटते. मग चौकशी भलत्याच दिशेला जाते.

व्होल्टेज खरंच गेलं की नुसतं रिलेपर्यंत पोचलं नाही, हे ओळखायची युक्ती साधी आहे. व्होल्टेज ही एक साक्ष, करंट ही दुसरी, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. निरोगी लाइनवर तिन्ही फेजच्या व्होल्टेजची बेरीज, कोन धरून केली तर, शून्य येते. करंटचीही शून्यच. तार जमिनीला लागली की दोन्ही बेरजा एकदम बिघडतात, कारण फॉल्टचा करंट जमिनीतून परततो. फ्यूज गेला तर व्होल्टेजची बेरीज शून्यावरून थेट ६३.५ व्होल्टवर जाते, आणि करंटची बेरीज जागची हलत नाही. साक्षी जुळल्या नाहीत की रिले व्होल्टेजची साक्ष फेटाळतो.

दोन फेज आपसात भिडल्या तर जमिनीचा संबंध येत नाही आणि दोन्ही बेरजा शून्यच राहतात. म्हणून रिले बेरजेच्या जोडीला तिन्ही फेजमधला असमतोलही मोजतात, आणि तिथेही कसोटी तीच : व्होल्टेज असमतोल पण करंट समतोल, म्हणजे फ्यूज. मात्र रेल्वेच्या २५ केव्ही ट्रॅक्शनला वीज देणाऱ्या लाइनवर ही कसोटी अडखळते. ट्रॅक्शनचा भार दोनच फेजवर असतो, त्यामुळे गाडी धावत असताना करंट कायमच असमतोल असतो. रिलेला वाटतं करंटही बिघडलाय, म्हणजे फॉल्ट खरा, आणि तो फ्यूज पकडतच नाही. अशा लाइनवर बेरजेची कसोटी लावावी. दोन फेजमध्ये फिरणारा करंट कितीही असमतोल असला तरी त्याची बेरीज शून्यच राहते.

तिन्ही फेज एकदम गेल्या, म्हणजे एमसीबी पडला, तर असमतोलच उरत नाही. तेव्हा रिले बदलावर नजर ठेवतो. व्होल्टेज एका झटक्यात कोसळलं आणि करंट तसूभरही हलला नाही, तर तो फॉल्ट नव्हे. खऱ्या फॉल्टमध्ये करंट उसळतोच. ब्रेकर नेहमीसारखा उघडला तर करंटही शून्य होतो, म्हणजे बदलतो, त्यामुळे ती गल्लतही होत नाही. याशिवाय एमसीबीच्या सहायक संपर्काची वायर रिलेला देता येते. पण तो संपर्क पुरेसा चपळ हवा. आजचा रिले पहिल्या झोनचा निर्णय साधारण एका सायकलमध्ये, म्हणजे २० मिलिसेकंदांत घेतो, आणि 'एमसीबी पडला' ही खबर त्यानंतर आली तर तिचा उपयोग फक्त अहवालात लिहिण्यापुरता.

फ्यूज गेल्याचं ओळखलं की रिले डिस्टन्सचं काम थांबवतो, त्याच्या जागी नुसत्या करंटवर चालणारं राखीव संरक्षण पुढे करतो आणि पॅनेलवर 'पीटी फ्यूज फेल' अलार्म देतो. राखीव संरक्षणाला फॉल्ट किती दूर आहे ते कळत नाही, त्यामुळे ते उशिराने सुटतं आणि शेजारच्या रिलेशी त्याचा मेळ नीट बसत नाही. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. अलार्मचा भोंगा बंद करून ऑपरेटर पुढच्या कामाला लागतो, लाइन चालूच असते, कुणाची तक्रार नसते. आणि पीटी बसबारचा असेल तर त्यावर अवलंबून असलेल्या सगळ्याच लाइनींचं डिस्टन्स संरक्षण एका फ्यूजपायी बंद पडलेलं असतं.

फ्यूज बदलायलाही क्रम आहे. आधी डिस्टन्सची ट्रिप लिंक काढायची. मग फ्यूजच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजायचं : चांगल्या फ्यूजवर जवळपास शून्य येतं, गेलेल्यावर ठळक आकडा दिसतो. फ्यूज घातल्यावर रिलेच्या पडद्यावर तिन्ही फेज ६३.५ च्या आसपास आणि योग्य क्रमात आहेत ना हे पाहायचं, अलार्म गेलाय याची खात्री करायची आणि मगच लिंक जोडायची. नवा फ्यूजही लगेच गेला तर त्याहून मोठ्या क्षमतेचा घालणं हा गुन्हा समजावा. केबलमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो शोधायला हवा.

रिले निदान आरडाओरडा तरी करतो. मीटर गप्प बसतं. ११ केव्हीवरचा एखादा कारखाना महिन्याला तीन लाख युनिट वापरत असेल आणि तिन्ही फेजवर भार सारखा असेल, तर एका फेजचं व्होल्टेज पूर्ण गेल्यावर चार तारांचं मीटर दोन लाखच मोजतं. कारखान्यातली यंत्रं नेहमीसारखी चालतात, कारण त्यांची वीज पीटीतून येत नाही. तीन तारांच्या जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये हिशेब आणखी चमत्कारिक होतो. तिथे दोनच घटक मोजतात, आणि कडेची एखादी फेज गेल्यावर किती युनिट बुडाले हे पॉवर फॅक्टरवर ठरतं. तो एक असेल तर निम्मे. ०.८६६ लॅगिंग असेल तर कुठली फेज गेली त्यावर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश.

आताची इलेक्ट्रॉनिक मीटरं अशा वेळी 'पोटेन्शियल मिसिंग' अशी नोंद ठेवतात : कुठली फेज, कोणत्या तारखेला किती वाजता गेली आणि कधी परत आली. ही नोंद उतरवून घेतली की बुडालेल्या युनिटांची फरकाची रक्कम कुठून कुठपर्यंत लावायची यावरचा वाद बराच आटोपतो. पण ही नोंद व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेल्यावरच होते. क्लिप गंजून ६३.५ च्या जागी ६० व्होल्टच पोचत असतील, तर त्या फेजचे साडेपाच टक्के युनिट महिनोन्‌महिने बुडत राहतात आणि मीटरच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. ते पकडायचं तर मीटरच्या टर्मिनलवर आणि पीटीच्या बॉक्समध्ये एकाच वेळी व्होल्टेज मोजून दोन आकडे शेजारी मांडावे लागतात. केबलमध्ये एवढी घट होऊ नये. आकडे जुळले नाहीत, तर मधल्या प्रत्येक जोडाला मल्टिमीटर लावत जायचं. बहुतेक वेळा घट सापडते ती फ्यूज होल्डरच्या क्लिपमध्येच.