हजार याद्या, एकच रांग

तिकीट आरक्षणाची मोठी यंत्रणा एका संगणकावर चालत नाही. काम अनेक सर्व्हरवर वाटलेलं असतं आणि प्रत्येक सर्व्हर आपापली नोंदवही ठेवतो. कोणत्या क्षणी काय घडलं ते तिच्यात ओळीओळीने उतरत जातं. एखाद्या रात्री यंत्रणा अडखळली की अभियंत्यांना या सगळ्या नोंदी वेळेच्या क्रमाने एकत्र पाहायच्या असतात. प्रत्येक वही आधीच वेळेनुसार लावलेली असते, त्यामुळे सगळं नव्याने क्रमाला लावायची गरज नसते. गुंफण तेवढी करायची असते.

समजा सर्व्हर १,००० आहेत आणि प्रत्येकाच्या वहीत १०,००० ओळी आहेत. म्हणजे एकूण १ कोटी ओळी झाल्या.

सर्वात आधी सुचणारी पद्धत सरळ आहे. पहिल्या दोन वह्या घ्यायच्या, दोन्हींच्या सुरुवातीच्या ओळींची तुलना करायची आणि आधीची ओळ नव्या यादीत उतरवायची. असं करत दोन्ही वह्या संपल्या की तयार झालेल्या यादीत तिसरी वही मिसळायची, मग चौथी, मग पाचवी. उत्तर बिनचूक येतं. खर्च मात्र कुठे वाढतो ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या मिसळणीत २०,००० ओळी लिहाव्या लागतात, दुसरीत ३०,०००, तिसरीत ४०,०००. शेवटची वही मिसळताना तिच्या १०,००० ओळींसाठी आधीच्या जवळजवळ १ कोटी ओळी पुन्हा एकदा उतरवाव्या लागतात. पहिल्या वहीतली प्रत्येक ओळ तर तब्बल ९९९ वेळा लिहिली जाते. सगळी बेरीज केली तर लेखन सुमारे ५०० कोटी ओळींचं भरतं, आणि तुलनाही जवळपास तितक्याच होतात. ज्या ओळींचा आपसातला क्रम आधीच ठरला आहे, त्याच पुन्हा पुन्हा हलवण्यात हे श्रम जातात.

यातून सुटका करणारी गोष्ट साधी आहे. उरलेल्या सर्व ओळींतली सर्वात आधीची ओळ कुठल्या ना कुठल्या वहीच्या तोंडाशीच असणार, कारण प्रत्येक वही क्रमाने लावलेली आहे. तेव्हा एका वेळी फक्त १,००० ओळींकडे लक्ष ठेवलं की पुरे. त्यांतली सर्वात लहान उचलायची, उत्तरात लिहायची आणि तिच्याच वहीतली पुढची ओळ तिच्या जागी आणायची. प्रत्येक ओळ उत्तरात एकदाच लिहिली जाते.

पण ‘सर्वात लहान’ शोधायची कशी? दर खेपेला १,००० ओळी चाळल्या तर १ कोटी खेपांना जवळजवळ १,००० कोटी तुलना होतील, म्हणजे पहिल्या पद्धतीच्याही दुप्पट. इथे मिन-हीप कामाला येतो. जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी १९६४ मध्ये हीपसॉर्ट ही क्रम लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यासोबत ही रचना जगासमोर आली.

घरातल्या मडक्यांच्या उतरंडीत लहान मडकं वर आणि मोठी खाली असतात. मिन-हीपही तसाच, फक्त इथे प्रत्येक संख्येखाली जास्तीत जास्त दोन संख्या असतात. नियम एकच: वरची संख्या तिच्या खालच्या दोन्हींपेक्षा मोठी नसावी. शेजारी बसलेल्या संख्यांमध्ये कोणताही क्रम पाळायचा नसतो. ही मोकळीक असल्यामुळेच रचना सांभाळणं स्वस्त पडतं, आणि सर्वात लहान संख्या तर नेहमी माथ्यावर मिळतेच.

चार छोट्या याद्या घेऊन पाहू. अ मध्ये ३, १४, २० आहेत. ब मध्ये ५, ६, ३०. क मध्ये १, ९, २५. आणि ड मध्ये ८, १२, १८. चारही याद्यांच्या पहिल्या संख्या हीपमध्ये ठेवल्या. माथ्यावर १, तिच्याखाली डावीकडे ५ आणि उजवीकडे ३, आणि ५ च्या खाली ८. आता १ उत्तरात जातो. तो क यादीचा होता, म्हणून क मधला ९ माथ्यावर येतो. खालच्या ५ आणि ३ पैकी ३ लहान आहे आणि तो ९ पेक्षाही लहान आहे, म्हणून ९ आणि ३ जागा बदलतात. उजवीकडे ९ च्या खाली काही नाही, काम संपलं.

मग ३ बाहेर पडतो आणि अ मधला १४ येतो. तो आधी ५ शी जागा बदलतो, मग त्याखालच्या ८ शी, आणि तळाला जातो. आता ५ बाहेर पडतो आणि ब मधला ६ येतो. त्याच्याखाली ८ आणि ९ आहेत, दोन्ही मोठे, म्हणून ६ माथ्यावरच राहतो. उत्तर बनत जातं: १, ३, ५, ६. एखादी यादी संपली की हीपच्या तळाची शेवटची संख्या माथ्यावर आणून तशीच खाली उतरवतात, आणि हीप एका संख्येने लहान होतो.

हजार वह्यांच्या हीपमध्ये माथ्यापासून तळापर्यंत जास्तीत जास्त ९ पायऱ्या असतात, कारण प्रत्येक पायरीला जागा दुपटीने वाढतात. प्रत्येक पायरीवर दोन तुलना, म्हणजे एका ओळीमागे फार तर १८. एकूण १ कोटी ओळींसाठी १८ कोटी तुलना आणि १ कोटी लेखन. ५०० कोटींसमोर हा आकडा ठेवला की फरक दिसतो. ओळींची एकूण संख्या तीच ठेवून वह्या दुप्पट केल्या, तर एकामागून एक मिसळण्याचा खर्च दुप्पट होतो; हीपमध्ये मात्र फक्त एक पायरी वाढते.

तिसरा मार्गही आहे: वह्यांच्या जोड्या लावून मिसळायचं, त्या निकालांच्या पुन्हा जोड्या लावायच्या. अशा १० फेऱ्यांत १,००० वह्यांची एक होते आणि तुलना साधारण १० कोटींतच भागतात, म्हणजे हीपपेक्षाही कमी. पण प्रत्येक ओळ १० वेळा लिहावी लागते. सगळा मजकूर मेमरीत मावत असेल तर हा मार्ग चांगलाच. नोंदी डिस्कवर असतील तर १० वेळा वाचणं-लिहिणं तुलनांपेक्षा कितीतरी महाग पडतं, आणि तिथे हीपची एकच फेरी सरस ठरते. शिवाय हीपला पूर्ण वह्या मेमरीत लागत नाहीत, प्रत्येकीचा पुढचा थोडा भाग पुरतो.

याद्या तीन-चारच असतील तर मात्र साध्या पद्धतीचा तोटा फारसा जाणवत नाही, आणि हीपचा व्याप उगाच वाटू शकतो.

पायथॉन भाषेत हे काम `heapq.merge` करून देते. मात्र आत येणारी प्रत्येक यादी क्रमाने लावलेली आहे, हे ती गृहीत धरते. एखाद्या सर्व्हरचं घड्याळ मध्येच मागे सरकलं, तर त्या वहीत १०:०५ नंतर १०:०३ ची ओळ येते. हीप तक्रार करत नाही. ती ओळ हाताशी येते तेव्हा उशीर झालेला असतो आणि उत्तरात ती चुकीच्या जागी बसते. प्रत्येक ओळ लिहिताना ती मागच्या ओळीपेक्षा आधीची नाही ना, एवढी एक तुलना केली की हा दोष लगेच उघड होतो. लिनक्सवर `sort -c` ही आज्ञा एकेक वही आधीच तपासून क्रम मोडणारी पहिली ओळ दाखवते, त्यामुळे कोणत्या सर्व्हरचं घड्याळ बिघडलं तेही समजतं.