ताट वेगळे, खिडकी मात्र बंद

एका एकत्र व्यापारी कुटुंबातील आजोबांना फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा सर्वप्रथम त्यांचे ताट, वाटी आणि पेला वेगळा करण्यात आला. त्यांना स्वतंत्र खोलीही मिळाली. परंतु वातानुकूलन यंत्रासाठी तिची खिडकी बंदच राहिली आणि संध्याकाळी नातवंडे त्याच खोलीत त्यांच्याजवळ बसू लागली. काळजी खरी होती, तिची जागा मात्र चुकली होती.

क्षयाचे जंतू ताटातून पसरत नाहीत. रुग्ण खोकतो, शिंकतो वा बोलतो तेव्हा ते सूक्ष्म कणांवाटे हवेत मिसळतात आणि कोंदट खोलीत काही तास तरंगत राहू शकतात. म्हणून साबणाने घासलेले भांडे सर्वांना चालते. उघडी खिडकी मात्र अत्यावश्यक ठरते.

डॉक्टरांच्या सूचनेवरून खिडकी उघडली गेली. आजोबांना साधा सर्जिकल मास्क देण्यात आला. तो त्यांच्या खोकल्यातील थेंब बाहेर पडू देत नाही, पण ओला होताच बदलावा लागतो. आजींसाठी एन-९५ मास्क आणला गेला. कारण सर्जिकल मास्क वा पदर कडांनी सैल राहतो आणि तेथून दूषित हवा आत शिरते. थुंकी फिनाइल घातलेल्या झाकणाच्या डब्यात घेऊन शौचालयात टाकली जाऊ लागली. घरातील सर्वांची तपासणी झाली आणि रोग नसल्याची खात्री झाल्यावर लहानग्यांना प्रतिबंधक औषध सुरू झाले.

औषधे लागू पडत असतील तर साधारणतः दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका पुष्कळ घटतो. तरीही मास्क डॉक्टरांच्या संमतीनेच काढावा. नेहमीच्या क्षयाचा औषधोपचार बहुधा 6 महिन्यांचा असतो. खोकला थांबला म्हणून मध्येच औषधे सोडल्यास रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होऊ शकतो.

पुढे याच घरातील धाकट्या मुलाच्या रक्तात हिपॅटायटिस बी आढळला. जुन्या सवयीने त्याच्यापुढेही वेगळे ताट आणि मास्क आला. वास्तविक येथे दोन्ही निरुपयोगी होते. हा विषाणू रक्तातून व शारीरिक संबंधातून पसरतो; एकत्र जेवल्याने नव्हे. न्हाणीघरातील दाढीचे यंत्र आणि नखे कापण्याचे साधन मात्र दोघे भाऊ वापरत होते. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान 7 दिवस टिकतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

ही साधने आणि दात घासण्याचा ब्रश स्वतंत्र झाला. सांडलेले रक्त हातमोजे घालून पुसावे आणि ती जागा एक भाग ब्लीच व नऊ भाग पाण्याच्या ताज्या द्रावणाने 10 मिनिटे ओली ठेवावी, हे सर्वांनी शिकून घेतले. पत्नीसह घरच्यांची रक्ततपासणी झाली. ज्यांना संरक्षण नव्हते त्यांना लसीच्या तीन मात्रा सुरू झाल्या : पहिली लगेच, दुसरी एका महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात.

दोन्ही ताटे आता स्वयंपाकघरातील मांडणीवर इतर ताटांबरोबर असतात. वेगळे राहिले आहे ते केवळ दाढीचे यंत्र.