सर्वांत दीर्घायुषी प्राणी कोणता?

प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला की मुलं पटकन ‘कासव’ लिहितात. जमिनीवरच्या प्राण्यांपुरतं ते पटण्यासारखं आहे. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन कासवाचा जन्म १८३२च्या सुमाराचा मानतात. पण ‘पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत’ असं विचारलं, तर उत्तर आहे ग्रीनलंड शार्क.

त्याचं वय कळतं डोळ्यांतून. नेत्रभिंगाचा मधला भाग जन्माआधीच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून शास्त्रज्ञांनी २०१६मध्ये २८ माद्यांची वयं काढली. सर्वांत मोठी, सुमारे पाच मीटर लांबीची मादी ३९२ वर्षांची असावी, असा अंदाज निघाला. मात्र तो १२० वर्षांनी कमी-जास्त असू शकतो. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘किमान २७२ वर्षं’ लिहिणं योग्य.

प्रश्नातून ‘पाठीचा कणा’ गाळला, तर उत्तर चुकतं. आइसलँडजवळ २००६मध्ये सापडलेला एक शिंपला ५०७ वर्षांचा होता. त्याच्या कवचावर दरवर्षी एक रेघ उमटते. त्या रेघा मोजल्या, म्हणून इथे आकडा नेमका सांगता येतो. विक्रमाचा प्रश्न विचारताना प्राण्यांचा गट आणि वय काढण्याची पद्धत, दोन्ही सांगायला हवीत.