सवापंच्याण्णव रुपयांचा कागद

निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले दफ्तर घेऊन माझ्याकडे आल्या. आत अकरा कागद होते. घरात पूर्वापार चालत आलेली गोष्ट त्यांनी आधीच सांगून टाकली. खापरपणजोबांनी सावकाराकडून ९५१ रुपये काढले, ते फिटले नाहीत, सावकाराने मळा गिळला आणि कुटुंब पुण्याला आले. पुरावा म्हणून त्यांनी एक मुद्रांकाचा कागद पुढे केला. सोबत त्याचे टंकलिखित भाषांतरही होते, कुणीतरी पूर्वी करून दिलेले. त्यात '९५१' हा आकडा स्वच्छ होता. मूळ कागदावर तो नव्हता.

मोडी वाचता येणे आणि मोडी कागद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळाक्षरे महिन्या-दोन महिन्यांत बसतात. पण मोडीत लेखणी शक्य तितकी न उचलता लिहायचे असते. आधी पानभर शिरोरेषा ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ओळ संपली की शब्द अर्ध्यावर तुटून पुढच्या ओळीत जातो आणि तो तुटल्याची काही खूण नसते. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी एकच, उकारही एकच. काना अक्षराला असा काही वेटाळतो की काना लागलेले अक्षर मूळ अक्षराहून निराळेच दिसते. लिहिणाऱ्याला हे सोयीचे होते. त्रास आपल्याला होतो.

म्हणून मी नवा कागद आला की पहिल्या ओळीपासून वाचायला लागत नाही. आधी त्यात जे असणारच ते शोधतो. खत म्हटले की 'शके', 'संवत्सरे', 'लिहून देणार', 'राहणार', 'साक्ष' हे शब्द असायचेच. ते सापडले की त्या कारकुनाचा श, त्याचा ल, त्याचा ह हाती लागतो. ही अक्षरे मी वेगळ्या कागदावर गिरवून त्या एका हाताचा तक्ता करतो. बाईंच्या कागदावरचा कारकून टाकाने लिहिणारा होता. बोरूची जाड-बारीक वळणे त्यात नव्हती, सगळी रेघ एकसारखी, घाईची आणि किरटी. अशा हातात पुस्तकातला तक्ता फार दूर नेत नाही.

शाईही फिकी पडली होती. काजळीची जुनी शाई सहसा विटत नाही, ती पाण्याने पसरते किंवा खपली होऊन उडते. लोखंडाचे क्षार घातलेली शाई मात्र काळाने तपकिरी होते आणि कधी कागदही खाते. हा कागद तपकिरी शाईचा होता. अशा कागदाचा रंगीत फोटो काढायचा आणि संगणकावर लाल, हिरवा, निळा असे त्याचे तीन थर वेगळे करून फक्त निळा थर पाहायचा. तपकिरी रंग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे त्या थरात अक्षरे गडद होऊन वर येतात. अतिनील दिव्याखालीही अशी शाई काळी दिसते. काजळीच्या शाईला या दोन्ही युक्त्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे एका बाजूने तिरपा उजेड टाकून बोरूने उमटलेली चाकोरी पाहावी लागते. ओल्या बोळ्याने पुसणे, चिकटपट्टी लावणे, प्लास्टिकमध्ये बंद करून घेणे हे उद्योग घरोघर होतात. त्यांतून वाचलेले कागद मी फार थोडे पाहिले आहेत.

आता तारीख. शके १७९ एवढे नीट दिसत होते, चौथा आकडा घडीवर आला होता आणि घडी फाटलेली. ३ असेल किंवा ८ असेल. पण पुढे संवत्सराचे नाव शाबूत होते: प्रजापती. साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले आहे. शके १७८९ हे प्रभव, मग विभव, शुक्ल, प्रमोद आणि पाचवे प्रजापती, म्हणजे शके १७९३. हेच नाव पुन्हा यायला साठ वर्षे लागतात, त्यामुळे १७९८ चा प्रश्नच मिटला. शके १७९३ म्हणजे इसवी सन १८७१-७२. खतावर ज्येष्ठ वद्य तृतीया होती आणि मुद्रांक विकणाऱ्याने वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत घातलेली तारीख ३ जून १८७१ ची. त्या वर्षी ज्येष्ठाची पौर्णिमा ३ जूनच्या आसपास पडते. मुद्रांक घेतल्यावर दोन-तीन दिवसांत खत झाले, हे अगदी जुळते. पेशवाईतला कागद असता तर आणखी एक पायरी आली असती. तिथे सुहुर सन अरबी शब्दांत येते. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. मृगापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरची असेल तर ६००.

मग नावांची ओळ. अक्षराला अक्षर उतरवली तेव्हा ती अशी आली: लिहूनदेणाररामजीवबाळाजीबिनकृष्णाजीपाटीलराहणारमौजेमजकूर. पूर्वीच्या वाचकाने इथे 'राम जीवबा' असे तोडले होते आणि पुढची अक्षरे 'अवाच्य' म्हणून सोडली होती. जीवबा हे नाव मराठीत आहेच, त्यामुळे त्याला शंका आली नाही. पण तसे तोडले तर पुढे 'ळाजी' उरते आणि मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही. म्हणजे 'रामजी व बाळाजी'. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. दोघे भाऊ कृष्णाजीचे. 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेले तेच गाव. त्या चुकीच्या तोडीतून बाईंच्या वंशावळीत जीवबा नावाचा एक पुरुष शिरला होता. कधीच नसलेल्या त्या माणसाचे श्राद्ध कुणी घातले नाही म्हणून घरात पीडा आहे, असेही त्यांना एका भटजींनी सांगितले होते म्हणे.

म्हणूनच मी तीन पाने वेगळी ठेवतो. पहिल्यावर फक्त लिप्यंतर: जसे आहे तसे, चुकीचे शुद्धलेखन न सुधारता, गेलेल्या अक्षरांची जागा चौकटी कंसात मोकळी सोडून. दुसऱ्यावर पदच्छेद, आणि 'मौ॥' चे मौजे, 'चि॥' चे चिरंजीव, 'प॥' चे परगणे असे संक्षेप उलगडलेले. तिसऱ्यावर आजची मराठी. अर्थ लवकर कळला की घात होतो. डोळे मग अक्षर पाहत नाहीत, अर्थाला पुरेल तेवढेच पाहतात. पहिले पान लिहिताना मी अर्थाचा विचारच न करण्याचा प्रयत्न करतो. अवघड जाते, खोटे कशाला सांगू.

रकमेचा घोळ असाच. मूळ कागदावर होते ९५।, म्हणजे पंच्याण्णव आणि त्यापुढे एक उभी दांडी. जुन्या हिशेबात रुपयापुढची एक दांडी म्हणजे पाव, म्हणजे चार आणे. दोन दांड्या अर्धा आणि तीन पाऊण. त्याखालचे आणे आडव्या रेघांनी दाखवतात, एका आण्याला एक. म्हणजे हे सवापंच्याण्णव रुपये. आधीच्या वाचकाने दांडीला एकचा आकडा मानला आणि कर्ज दहापट झाले. खतात रक्कम अक्षरीही लिहितात, पण ती नेमकी घडीवर होती, 'वापंच्या' एवढीच अक्षरे उरलेली. तेवढ्यानेही काम झाले असते. तरी मी कागद उलटा केला.

रोख्याची पाठ पाहायला लोक विसरतात. परतफेडीचा भरणा पाठीवर टिपत असत. इथे पहिली नोंद होती: एका सालाचे व्याज पावले, १७=. दोन आडव्या रेघा, म्हणजे सतरा रुपये दोन आणे. पुढच्या बाजूला व्याजाचा दर 'दरमहा दर शेकडा १॥', म्हणजे महिन्याला शेकडा दीड, वर्षाला अठरा. सवापंच्याण्णवावर अठरा टक्क्यांनी सतरा रुपये दोन आणे आणि वर तीन-चार पै होतात. पै सोडलेल्या दिसतात. ९५१ रुपये असते तर हेच व्याज १७१ रुपयांवर गेले असते. शेवटच्या नोंदीत 'बेबाक' हा शब्द होता, म्हणजे सगळे फिटले, बाकी शून्य.

हे कळल्यावर बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "मग मळा गेला कुठं?"

कर्जाचा कागद धनकोच्या घरी असतो. तो ऋणकोच्या दफ्तरात सापडला, यातच पुष्कळ काही आले. या कागदाच्या खालचा सहीचा कोपराही फाडलेला होता. तो उंदराने खाल्ला असावा असे त्यांना वाटे. फाट सरळ होती, हाताने ओढलेली. फिटलेला रोखा रद्द करून परत दिल्याची ती खूण असावी. एवढे मी 'असावी' असेच लिहून दिले, कारण कागदावर ते शब्दांत नाही.

मळ्याचे उत्तर दुसऱ्या कागदात मिळाले, आणि तिथे लिपीने नव्हे, भाषेने फसवले होते. 'बाळाजी बिन कृष्णाजी याणे राजीनामा दिल्हा' या वाक्यावरून कुटुंबात बाळाजी सरकारी नोकरीत होता आणि त्याने बाणेदारपणे ती सोडली, अशी दुसरी एक गोष्ट तयार झाली होती. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात राजीनामा म्हणजे खातेदाराने शेतावरचा आपला कब्जा सोडल्याचा कागद. त्याच्या जोडीला दुसरा माणूस कबुलायत देतो, म्हणजे ते शेत आणि त्याचा सारा आपल्या अंगावर घेतो. कबुलायत खालीच होती, रामजीच्या नावाची. नोकरी कुणी सोडली नव्हती. एका भावाने आपला वाटा दुसऱ्याच्या नावावर केला होता. अशा ओळखीच्या शब्दांपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. 'विद्यमान' म्हणजे हल्लीचा नव्हे, अमक्याच्या मार्फत किंवा समक्ष. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो आपण कोशात पाहतो. जो माहीत आहे असे वाटते तो पाहतच नाही.

बाळाजीने वाटा का सोडला, पैसे घेतले की नाही, मळा पुढे कुणाकडे गेला, हे उरलेल्या नऊ कागदांत नाही. तसे मी शेवटी लिहून दिले. राजीनाम्याखाली बाळाजीची सही नव्हती. तिथे कारकुनाच्या हातचे 'निशाणी नांगर' हे शब्द होते आणि शेजारी वेड्यावाकड्या रेघांनी काढलेला एक छोटा नांगर. बाईंनी त्याचा फोटो मागून घेतला. बाकी कागद त्यांनी पुन्हा त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधले.