हरवलेले साठ अंश

३, ५ आणि ७ सेंटिमीटर लांबीच्या तीन काड्या घ्या आणि त्यांचा त्रिकोण जुळवा. आता कोनमापक न वापरता त्याचे तिन्ही कोन काढायचे आहेत. अकरावीत मी हे गणित केलं ते असं. आधी कोसाइनच्या नियमाने ५ च्या समोरचा कोन काढला, तो आला ३८.२१ अंश. त्याच रीतीने ३ च्या समोरचा आला २१.७९ अंश. तिसऱ्या कोनासाठी पुन्हा तेवढे वर्ग मांडायचा कंटाळा आला, म्हणून आटोपशीर असा साइनचा नियम लावला. ३८.२१ अंशांच्या साइनची किंमत ०.६१८६, तिला ७ ने गुणून ५ ने भागलं की ०.८६६. कॅल्क्युलेटरवर sin⁻¹ दाबलं आणि उत्तर मिळालं ६० अंश. बेरीज केली, तर ती भरली १२०.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हवी. मग साठ अंश गेले कुठे? आकडेमोड पुन्हा तपासली, ती बरोबर होती. कॅल्क्युलेटरही धड होता. काड्या जुळवून पाहिल्या, तर ७ च्या समोरचा कोन चांगला ऐसपैस, काटकोनाहूनही मोठा दिसत होता. कोनावरून साइनची किंमत मिळते हे मला माहीत होतं, पण किंमतीवरून त्याच कोनाकडे परत येता येतं का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

हा प्रश्न अकरावी-बारावीच्या वर्गात ‘फलन वन-वन आहे का, ऑन्टू आहे का’ या रूपात भेटतो. फलन म्हणजे असा नियम, जो एका संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक नेमून देतो. आरक्षण केलेली एसटी डोळ्यांसमोर आणा. प्रवाशांची यादी हा पहिला संच, म्हणजे डोमेन किंवा प्रांत. बसमधली आसनं हा दुसरा संच, म्हणजे को-डोमेन किंवा सहप्रांत. प्रत्येक प्रवाशाला एक आसन मिळालं की फलन झालं. एकाच आसनावर दोघांचं आरक्षण नसेल तर ते वन-वन. एकही आसन रिकामं नसेल तर ऑन्टू. दोन्ही असेल तर ते बायजेक्टिव्ह, आणि तेव्हाच आसन क्रमांक पाहून प्रवासी कोण ते बिनचूक सांगता येतं. या जोडीला इंजेक्टिव्ह आणि सर्जेक्टिव्ह ही नावं रूढ केली ती बूर्बाकी या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने. सर्जेक्टिव्हमधला ‘सर’ म्हणजे फ्रेंचमधलं ‘वर’, इंग्रजी ‘ऑन्टू’मध्ये आहे तेच.

बसच्या उदाहरणात एक गोष्ट उघड दिसते, पण सूत्र समोर आलं की ती हटकून विसरली जाते. नुसता नियम सांगितला, पण यादी आणि बस सांगितली नाही, तर आसनं भरली का हे कुणालाच सांगता येणार नाही. तरीही ‘x² हे फलन ऑन्टू आहे का?’ असा प्रश्न वह्यांमध्ये सर्रास दिसतो. माझ्या मते त्याचं उत्तर देण्याऐवजी तो प्रश्नच परत पाठवायला हवा.

एक फलन नीट तपासून पाहू: f(x) = 3x² − 2x. आधी डोमेन आणि को-डोमेन दोन्ही सगळ्या वास्तव संख्यांचे घेऊ. वन-वन तपासण्याची रीत अशी, की a आणि b या दोन संख्यांची उत्तरं सारखीच आली असं धरायचं आणि मग a व b एकच असायलाच हवेत का ते पाहायचं. f(a) = f(b) मांडून सगळं एका बाजूला आणलं आणि (a − b) हा समान अवयव बाहेर काढला, की उरतं

(a − b)(3(a + b) − 2) = 0

म्हणजे एक तर a आणि b एकच, नाहीतर त्यांची बेरीज २/३. ही दुसरी वाट उघडी आहे का? आहे. ० आणि २/३ घ्या; दोघांची उत्तरं शून्यच. अशी एक जोडी सापडली की पुरे, फलन वन-वन नाही. आलेख काढला तर तो वाटीसारखा दिसतो. त्यावर आडवी रेघ ओढली की ती वाटीला दोन ठिकाणी छेदते. वर्गात हीच ‘आडव्या रेघेची कसोटी’ शिकवतात.

आता सूत्राला हात न लावता फक्त डोमेन बदलू. x ला पूर्णांक एवढ्याच संख्या घालायची मुभा आहे. वरचं समीकरण जसंच्या तसं राहतं: एक तर a आणि b एकच, नाहीतर बेरीज २/३. पण दोन पूर्णांकांची बेरीज अपूर्णांक कशी येणार? दुसरी वाट बंद झाली, आणि फलन वन-वन ठरलं. खात्री करायची तर −३ पासून ३ पर्यंतची उत्तरं काढून पाहा: ३३, १६, ५, ०, १, ८, २१. एकही आकडा दोनदा नाही.

इथे आलेख पाहून उत्तर देणारा फसतो, कारण आलेख काढताना हात आपोआप सलग वाटी रेखाटतो. पूर्णांकांच्या डोमेनवर ती वाटी नसतेच, तिच्यावरचे सुटे ठिपके तेवढे असतात. डावीकडचा कुठलाही ठिपका उजवीकडच्या कुठल्याही ठिपक्याच्या उंचीवर येत नाही. म्हणून रेघेच्या कसोटीवर विसंबण्याआधी ती रेघ डोमेनमधल्याच बिंदूंना छेदते ना, हे बघावं लागतं. डोमेन परिमेय संख्यांचं केलं तर उत्तर पुन्हा उलटतं, कारण २/३ ही परिमेय संख्या आहे आणि ०-२/३ ची जोडी परत आत येते.

ऑन्टू तपासताना दिशा उलटी. को-डोमेनमधली एखादी संख्या उचलायची आणि ती ज्याचं उत्तर आहे असा x डोमेनमध्ये मिळतो का, ते समीकरण सोडवून पाहायचं. वास्तव संख्यांमध्ये −१ घ्या. 3x² − 2x = −1 चा विवेचक ४ − १२, म्हणजे −८ येतो. तो ऋण आहे, म्हणून मुळं नाहीत आणि −१ चं आसन रिकामं. वाटीचा तळच −१/३ वर आहे, त्याखालची सगळी आसनं रिकामीच राहणार. पूर्णांकांमध्ये २ घ्या. विवेचक येतो २८. तो ऋण नाही, पण पूर्ण वर्गही नाही, म्हणून x पूर्णांक येत नाही. इथेही फलन ऑन्टू नाही, मात्र कारण वेगळं: मुळं आहेत, पण ती डोमेनच्या बाहेर.

मग हे सूत्र बायजेक्टिव्ह करता येईल का? येईल. वाटीची उजवी बाजू तेवढी ठेवायची, म्हणजे डोमेन १/३ आणि त्याहून मोठ्या वास्तव संख्यांचं. दोन वेगळ्या संख्यांची बेरीज आता २/३ पेक्षा जास्तच असते, म्हणून वन-वन. आणि को-डोमेन −१/३ व त्याच्या वरचं घेतलं की एकही आसन रिकामं नाही. यातला दुसरा बदल जरा स्वस्तातला आहे. जेवढी उत्तरं येतात तेवढाच को-डोमेन ठेवला तर कुठलंही फलन ऑन्टू होतं, जसं रिकामी आसनं उपटून टाकली की कुठलीही बस भरलेली दिसते. खरी निवड डोमेनची असते, आणि तीही एकाच प्रकारे करता येते असं नाही. वाटीची डावी बाजू ठेवली असती तरी चाललं असतं.

डोमेन आकुंचन पावलं तर काय बिघडू शकतं आणि काय नाही, हेही बसवरून कळतं. काही प्रवासी उतरले म्हणून राहिलेल्या दोघांचं आसन एक होत नाही. म्हणजे वन-वन फलन डोमेन कापल्याने बिघडत नाही. आसनं मात्र रिकामी होऊ शकतात. x³ हे याचं चोख उदाहरण. वास्तव संख्यांवर ते बायजेक्टिव्ह आहे, कारण प्रत्येक वास्तव संख्येला एक आणि एकच वास्तव घनमूळ असतं. दोन्ही संच पूर्णांकांचे केले की वन-वनपणा टिकतो, पण २ चं आसन रिकामं पडतं. उलट दिशेने डोमेन आणि को-डोमेन संमिश्र संख्यांचे केले, तर १ ला तीन घनमुळं मिळतात. प्रवासी वाढले आणि एका आसनावर तिघे बसले.

आता काड्यांकडे. साइनच्या फलनात ३० अंश आणि १५० अंश दोघांची किंमत ०.५, ६० आणि १२० दोघांची ०.८६६. काटकोनाच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावरचे कोन एकाच आसनावर बसतात, शिवाय दर ३६० अंशांनी सगळी रांग पुन्हा येते. sin⁻¹ चं बटण चालावं म्हणून साइनचं डोमेन कापावंच लागलं, आणि ठरवून −९० ते ९० अंश ठेवलं. तेवढ्या तुकड्यावर साइन −१ ते १ या किंमतींवर बायजेक्टिव्ह आहे. तुकडा ९० ते २७० अंशांचा घेतला असता तरी गणिताची काहीच हरकत नव्हती. मग त्याच बटणाने ०.५ ला १५० अंश सांगितलं असतं.

म्हणजे कॅल्क्युलेटर मला सांगत होता की −९० ते ९० मध्ये ०.८६६ साइन असलेला कोन ६० अंशांचा. मला हवा होता त्रिकोणातला कोन, आणि तो ० ते १८० मध्ये कुठेही असू शकतो. या डोमेनवर साइन वन-वन नाही. ०.८६६ ला तिथे दोन कोन येतात, आणि कॅल्क्युलेटर दुसऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. उत्तर ९० च्या आत आलं की ते १८० मधून वजा करून दुसरा उमेदवारही तपासायचा असतो. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असतो, त्यामुळे शंका फक्त सर्वांत मोठ्या बाजूसमोरच्या कोनाबद्दलच उरते. मी नेमका तोच साइनने काढला होता.

कोसाइनचं तसं नाही. ० ते १८० अंशांवर तिची किंमत १ पासून −१ पर्यंत सतत उतरतच जाते, कुठे मागे वळत नाही. त्रिकोणाच्या कोनांना जेवढी जागा लागते तेवढ्यावर कोसाइन वन-वन आहे, आणि cos⁻¹ चं बटणही बरोबर ० ते १८० मधलंच उत्तर देतं. कंटाळा न करता ७ च्या समोरचा कोन तिने काढला असता, तर ३ चा वर्ग ९, ५ चा २५, बेरीज ३४, त्यातून ७ चे ४९ गेले, उरले −१५. भागिले २ × ३ × ५, म्हणजे ३०. आले −०.५. ऋण चिन्ह पाहताच कोन काटकोनाहून मोठा हे बटण दाबण्याआधीच कळतं. बटण दाबलं की १२०.