धावून आल्यावर रस, शहाळं की बाटली?

पोलीस भरतीच्या सरावाची मुलं धावून आली की थेट रसवंतीवर जातात. म्हणून आम्ही हिशेब मांडला. प्रथिने आणि स्निग्धांश तिन्ही पेयांत जवळजवळ नाहीतच. फरक साखरेचा आणि मिठाचा. पाव लिटर स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण १५ ग्रॅम साखर असते, शहाळ्याच्या पाण्यात दहाच्या आसपास, उसाच्या रसात मात्र ३० ते ३५! इतका गोड रस पोटातून सावकाश पुढे सरकतो. लगेच पुन्हा धावलं तर पोट डचमळतं. रसात तेवढंच पाणी आणि दोन चिमूट मीठ घातलं, की तो बाटलीच्या जवळपास येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. तेव्हा चिमूटभर मीठ तिथेही हवं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र शहाळं डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.