ताळेबंदात न दिसणारी हानी

बाष्पित्रातील तप्त वायू सरासरी १२०० केल्विन तापमानावरून, ५०० केल्विनला उकळणाऱ्या पाण्यास १००० किलोजूल उष्णता देतात, असे समजावे. बाहेर काहीच उष्णता गेली नाही, तर ऊर्जेचा ताळेबंद तंतोतंत जुळतो व हानी शून्य ठरते.

परंतु उष्णतेपासून जास्तीत जास्त किती कार्य मिळू शकेल, हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. या कार्यास ‘एक्सर्जी’ म्हणतात. परिसर ३०० केल्विन असता, कार्नोच्या नियमानुसार वायूंकडील उष्णतेची एक्सर्जी ७५० किलोजूल असते. पाण्यात पोहोचल्यावर ती ४०० उरते. बाकीची ३५० किलोजूल एक्सर्जी केवळ दोन तापमानांतील अंतरामुळे नष्ट होते.

दाब वाढवून पाणी ६०० केल्विनला उकळविल्यास ही हानी २५० वर येते. मात्र अंतर घटल्यामुळे तितकीच उष्णता त्याच वेळात नेण्यास नळ्यांचा अधिक पृष्ठभाग लागतो.